शून्य कुठे टेकवायचं

माझी नोकरी फोटो मोजण्याची आहे, असं सांगितलं की गावाकडची माणसं हसतात. फोटो काढण्याची नोकरी असते, मोजण्याची कसली? पण खरंच मी तेच करतो. सोलापुरात एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं शेतीसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. शेतकरी आम्हाला मोबाइलवर एकाच रोपाचे दोन फोटो पाठवतात. दोन्हींत खोडाला लागून मोजपट्टी उभी केलेली आणि तारीख दिसेल अशी. त्यावरून आम्ही रोप आठवड्याला किती वाढतंय ते काढून कळवतो. वाढ मंद असेल तर पाणी, खत, कीड, मुळं यांपैकी कशात बिघाड आहे हे विचारायला सुरुवात होते.

काम ऐकायला सोपं आहे, आणि बऱ्याच अंशी सोपंच आहे. पहिल्या फोटोत फोन दोन हातांवर धरलेला असतो, दुसऱ्यात चार हातांवर. म्हणून दोन फोटो शेजारी ठेवून नुसते बघायचे नाहीत. प्रत्येक फोटोला त्याचीच पट्टी लावायची. स्क्रीनवर पट्टीचे दहा सेंटिमीटर किती लांब दिसतात ते मोजायचं, त्याच मापानं त्याच फोटोतलं खोड मोजायचं. पट्टी खोडाला टेकलेली हवी. मागे किंवा पुढे असली की माप चुकतं. उसाची उंची पानाच्या टोकापर्यंत धरायची नाही, कारण पान वाऱ्यानं वाकतं. सगळ्यांत वरचं जे पान पूर्ण उघडलंय त्याचा खोडापाशी जो सांधा दिसतो, तिथपर्यंत धरायची. मग दुसऱ्या उंचीतून पहिली वजा करायची, मधल्या दिवसांनी भागायचं आणि सातानं गुणायचं. संपलं.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. याचं श्रेय मी कुणाला देतो, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. मी सोलापुरात वसतिगृहात राहून शेतीचं शिक्षण घेत होतो तेव्हा माझी मोठी बहीण, आमची अक्का, सासरहून रोज एसटीनं माझा डबा पाठवायची. तिचं सासर दुधनीपासून जवळ आहे. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे डबा द्यायचा, मी स्टँडवर जाऊन घ्यायचा, रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायचा. लग्न झालेल्या मुलीनं भावाचा डबा सासरच्या पिठाचा करावा, हे सगळ्या घरांत चालत नाही. तिच्या सासऱ्यांनी चालवून घेतलं. एवढंच नाही, पाऊस असला की तेच सायकलवरून डबा फाट्यावर आणून द्यायचे. अक्का त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. घरात ते मामींशी कन्नड बोलतात आणि माझ्याशी मराठी. मला ते अजून ‘पावणं’ म्हणतात.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे पुढे जे झालं त्यात वाईट माणूस कुणीच नव्हतं.

अक्काला उसाचा एक प्रयोग करायचा होता. विहिरीजवळचा एकरभर तुकडा. त्यातल्या अर्ध्यात मामा नेहमीसारखं करणार होते, म्हणजे सरी काढून उसाच्या कांड्या लावायच्या आणि पाटानं पाणी द्यायचं. उरलेल्या अर्ध्यात अक्काला रोपवाटिकेतली तयार रोपं लांब लांब लावायची होती, ठिबकवर. तिनं हे माझ्याकडूनच ऐकलं होतं, पण ठरवलं तिनं. घरात तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. आठवड्यातले चार दिवस बाहेर. शेतीत शब्द मामांचा. मामा हो म्हणाले, पण एक अट घालून.

“वाढ बघायची,” ते म्हणाले होते. “तुजं चांगलं वाढलं तर फुडच्या साली समदं तुज्या पद्दतीनं. न्हाय वाढलं तर पाइप गुंडाळून धाकट्याच्या कांद्याला न्यायची. त्येला बी पाणी कमी पडतंय. उन्हाळ्याच्या तोंडाला ठरवून टाकू.”

धाकटा म्हणजे अक्काचा दीर. त्याचा कांदा विहिरीच्या पलीकडच्या अंगाला होता आणि ठिबकचा संच घरात एकच.

अडचण अशी होती की नुसत्या उंचीवरून ठरवता येत नव्हतं. अक्काची रोपं आधी लागली, मामांच्या कांड्या त्यानंतर तीन आठवड्यांनी. बांधावर उभं राहिलं की अक्काचा ऊस उंच दिसणारच. मामा न्यायी माणूस. त्यांनीच सुचवलं, “माजा डोळा माज्याच उसाला उंच म्हननार. हिचा हिच्या. पावन्यांचं हापिस आठवड्याची वाढ काडून देतंय न्हवं? त्येंनाच मोजू द्या. जो आकडा येईल तो आपल्याला मान्य.”

मला त्या दिवशी किती बरं वाटलं होतं. मामांनी माझ्या शिक्षणावर एवढा भरवसा ठेवावा, याचं. अक्कालाही. ती फोनवर म्हणाली, “बघ, तुज्या डब्याची भाकर वाया न्हाय गेली.”

आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे, आपल्या नात्यातल्या शेताचं माप आपण स्वतः घ्यायचं नाही. म्हणून अक्काचे फोटो माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीनं मोजले. ती सोलापूरचीच, घरात टॉवेलचे माग, घरी तेलुगू बोलणारी, कामाला अतिशय चोख. मी तिला मुद्दाम काही सांगितलं नाही.

अक्कानं सगळं नीट केलं होतं. दोन्ही अर्ध्यांतले तीन-तीन ऊस निवडले. पुन्हा तेच ऊस ओळखता यावेत म्हणून प्रत्येकाला लाल दोरा बांधला. ब्लाउज कापायची तिची लाकडी पट्टी खोडाला टेकवून उभी धरली. तारखेसाठी भाचीची पाटी आणून तिच्यावर खडूनं तारीख लिहिली आणि ती मागे ठेवली. फोन सरळ, उसाच्या मध्यावर धरलेला. आमचे नेहमीचे शेतकरी असे फोटो पाठवत नाहीत. तीन आठवड्यांनी तिनं दुसरे फोटो पाठवले, तेवढेच नीट.

उत्तर आमच्या पद्धतीप्रमाणे नोंदवलेल्या नंबरवर जातं. नोंद मामांच्या मोबाइलची होती. त्या दिवशी मी अक्कलकोटच्या बाजूला फिरतीवर होतो. संध्याकाळी अक्काचा फोन आला.

“आकडा आला,” ती म्हणाली.

“किती?”

“त्येंचा नऊ. माजा पाच.”

आठवड्याला नऊ सेंटिमीटर आणि पाच सेंटिमीटर. हे जवळजवळ अर्ध्यानं कमी झालं.

“मामा काय म्हणाले?”

“काय म्हनतील? म्हनले, पावन्याच्या हापिसाचा आकडा हाय, आता काय बोलायचं. रविवारी पाइप उचलू म्हनले.” मग थोडं थांबून ती म्हणाली, “मला तर चांगला वाटत हुता रं. पानं बघ की कशी हायत. माजंच काय तरी चुकलं आसंल.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात लवकर गेलो आणि ते फोटो उघडले. सहकारिणीचं मोजमाप मी पुन्हा तपासलं. चूक नव्हती. तीन उसांचे आकडे एकमेकांच्या जवळच होते, म्हणून इथे एकाचेच सांगतो. अक्काचा ऊस पहिल्या फोटोत एकतीस सेंटिमीटर, दुसऱ्यात सेहेचाळीस. तीन आठवड्यांत पंधरा, म्हणजे आठवड्याला पाच. मामांचा चोवीसवरून एक्कावन्न. तीन आठवड्यांत सत्तावीस, म्हणजे नऊ. तीन आठवड्यांत मामांचा ऊस अक्काच्या उसाच्या पुढे गेला होता, हे मला पटेना. पण पट्टी तसंच सांगत होती.

मग मी खोडाकडे न बघता खोडाच्या खाली बघितलं.

पहिल्या फोटोत अक्काचा ऊस सपाट जमिनीतून वर आला होता. दुसऱ्या फोटोत तो मातीच्या लांबट ढिगातून वर आला होता. दोन्ही बाजूंनी माती ओढून खोडाला लावलेली. मामांच्या फोटोंत जमीन दोन्ही वेळेला सारखीच, सरीतली.

मी फोन लावला.

“अक्का, तू भर लावलीस का?”

“व्हय, मग? वेळ झाली हुती. खताचा डोस दिला आनि लगेच भर लावली. तूच म्हनला हुतास की उशीर करू नको, ऊस लोळतो फुडं.”

“मामांच्या अर्ध्याला?”

“त्येंची मागनं लागन हाय. त्येंची भर अजून लागायची हाय.”

“आणि पट्टी कुठे टेकवलीस?”

“जमिनीला. तसंच सांगत्यात की तुमच्या हापिसाच्या कागदावर.”

बरोबर होतं. कागदावर तसंच आहे. तो कागद मुळात रोपवाटिकेसाठी बनवला होता, ट्रेमधल्या टोमॅटो-मिरचीच्या रोपांसाठी. ट्रेमधली माती वर येत नाही. उसाची येते. आपण स्वतः आणून लावतो. अक्काची पट्टी दुसऱ्यांदा नव्या मातीवर उभी होती. जेवढी माती चढली तेवढा ऊस तिच्याखाली गाडला गेला होता आणि आमच्या हिशेबात तेवढा तो वाढलाच नव्हता.

मी सहकारिणीला बोलावून दाखवलं. तिनं दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. “मला ही माती जमीनच वाटली,” ती म्हणाली. “शेतात जमीन अशीच उंचसखल असते असं वाटलं.” तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं. ट्रेमधल्या रोपांखेरीज तिनं कधी शेत जवळून बघितलं नव्हतं, आणि फोटोत माती मातीसारखीच दिसते.

आम्ही दोघं आमच्या मॅडमकडे गेलो. त्या वयानं मोठ्या, सगळ्या मोजमापांवर त्यांची शेवटची नजर. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“माती किती चढली ते कळलं तर आकडा दुरुस्त करता येईल,” त्या म्हणाल्या. “दोन्ही फोटोंत न हललेली एक खूण दाखव. खोडावरचीच. म्हणजे आधी ती जमिनीपासून किती उंच होती आणि आता किती आहे, त्यातला फरक म्हणजे माती.”

खोडावरची खूण म्हटल्यावर मला एकदम दोरा आठवला. मी जवळजवळ धावतच टेबलाशी आलो. लाल दोरा. खोडाचा खालचा भाग एकदा बनला की लांबत नाही, वाढ वरून होते. म्हणजे दोरा होता तिथेच राहणार. पहिल्या फोटोत दोरा जमिनीपासून बारा सेंटिमीटरवर होता. समजा दुसऱ्यात तो दोनवर दिसला, तर माती दहा सेंटिमीटर चढली. पंधरात दहा मिळवायचे, पंचवीस भागिले तीन. सगळं उलगडत होतं. मी सहकारिणीला म्हणालो, “बघ, अक्कानं दोरा बांधून आपल्याला वाचवलं.”

दुसऱ्या फोटोत दोरा पंधरावर होता.

मी पुन्हा मोजलं. पंधरा. दुसऱ्या उसाचा चौदा. तिसऱ्याचा सोळा. माती चढल्यावर दोरा खाली जायला हवा. हा वर गेला होता.

सहकारी हळूच म्हणाली, “विचारून बघ.”

मी फोन लावला तेव्हा अक्का जनावरांना पाणी दाखवत होती. मागे बादलीचा आवाज येत होता.

“अक्का, दोरा सरकवलास का?”

“व्हय की. भर लावताना तो मातीत चालला हुता. मातीत गेल्यावर आपला ऊस कुटला ते वळकायचं कसं? म्हनून सोडला आनि वर बांदला. समद्या तिनी उसांचा.”

“किती वर बांधलास?”

“आता ते काय मोजलं न्हाय. दिसंल आसा बांदला.”

“अंदाजानं?”

“आरं, हाताला आला तितं बांदला. का? वाईट झालं का?”

मी म्हणालो, नाही, काही वाईट नाही. मग फोन ठेवला. तिनं दोरा वर घेतला तो निष्काळजीपणानं नव्हे. तोच ऊस पुन्हा सापडावा, दुसऱ्याच उसाचा फोटो जाऊ नये, म्हणून. दोरा कशासाठी बांधायचा ते आम्ही तिला सांगितलं होतं आणि तिनं ते काम पार पाडलं होतं. दोऱ्याचा आणखी एक उपयोग होईल हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

मी दिवसभर त्या फोटोंत दुसरी खूण शोधत होतो. मागे बांधावरचा एक पांढरा दगड दोन्हींत दिसत होता, पण तो पाच-सहा हात मागे. फोन जरासा वर-खाली धरला की दगड उसाच्या मानानं खाली-वर दिसतो. त्यावरून माती मोजणं म्हणजे डोळे मिटून मोजणं. ठिबकची पाइप पहिल्या फोटोत उसाच्या बुंध्याशी होती. दुसऱ्यात ती उचलून भरीवर ठेवलेली. पाटी मागे ठेवलेली, तीही नव्या मातीवर. जे जे जमिनीवर होतं ते ते अक्कानं नीट उचलून पुन्हा नव्या जमिनीवर ठेवलं होतं.

मी मामांना फोन केला आणि सांगितलं की ऑफिसच्या आकड्यात भर धरलेली नाही, रविवारी मी येतो, तोवर थांबा.

“या की,” ते म्हणाले. “तुमचंच घर हाय.”

रविवारी मी दुधनीच्या गाडीनं गेलो. फाट्यावर मामा उभे होते, त्याच जागी जिथे ते माझा डबा घेऊन उभे राहायचे. हातात पिशवी होती, मामींनी सांगितलेली कोथिंबीर घेतलेली. वाटेत ते उसाबद्दल काही बोलले नाहीत. माझ्या पगाराचं, खोलीच्या पाण्याचं विचारत राहिले.

जेवण झाल्यावर आम्ही शेतावर गेलो. दाजी टेम्पोवर होते. अक्का, मामा आणि मी. धाकटा दीर बांधावर बसला होता आणि त्याच्याशेजारी पाइप गुंडाळायचं लाकडी चाक.

“काय शास्त्रज्ञ,” तो मला म्हणाला, “आज ऊस किती वाढला सांगणार का उद्या किती वाढंल ते?”

“गप रं,” मामा त्याला म्हणाले.

मी खाली बसलो आणि दोरा असलेल्या उसाच्या बुंध्याशी माती उकरायला लागलो. माझा बेत असा होता की वरची नवी माती भुसभुशीत असेल, खालची जुनी कडक लागेल. जिथे हात अडेल ते जुनं शून्य, म्हणजे पहिल्या फोटोतली जमीन. तिथून वर मोजलं की झालं. अक्का समोर बसून दुसऱ्या बाजूनं उकरत होती. माती वीतभर उकरली. सगळी एकच. काळी, ओली, चिकट. भर लावल्यापासून ठिबकचं पाणी रोज तिच्यात मुरत होतं. वरची आणि खालची बसून एक झाली होती. एका पेरावर पांढरी कोवळी मुळं फुटलेली दिसली. मला क्षणभर आशा वाटली की हे पेर आधी उघडं होतं. पण त्याच्या खालच्या पेरालाही मुळं होती, त्याच्याही खालच्या. त्यावरून माती चढलीय एवढंच कळत होतं. ते तर आम्हाला माहीतच होतं.

“अक्का,” मी म्हणालो, “आठवून सांग. भर किती होती? हातानं दाखव.”

तिनं हात पुढे केला. आधी चार बोटं आडवी धरली. मग बघून म्हणाली, “न्हाय, जास्त आसंल.” मग वीत उघडली. “हितं यवढी आसंल. पन समद्या सरीत सारखी न्हाय. कुटं कमी, कुटं जास्त. फावड्यानं वडलेली माती, कशी सारखी यील?”

मी पट्टीवर तिची चार बोटं मोजली. सात सेंटिमीटर. वीत अठरा. मनात हिशेब केला. सात धरले तर पंधरा अधिक सात, बावीस, आठवड्याला सात आणि थोडं. अठरा धरले तर तेहेतीस, आठवड्याला अकरा.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. “मग, खरा आकडा किती?”

मला त्यांना एक आकडा द्यायचा होता. ‘दहा’ म्हणालो असतो तर त्यांनी मानला असता. अक्काची पाइप तिथेच राहिली असती, धाकट्यानं चाक उचलून नेलं असतं आणि संध्याकाळच्या गाडीनं मी परत गेलो असतो. दहा खरंही असू शकलं असतं. पण या माणसानं मला न्यायासाठी बोलावलं होतं, आणि मी नुसता अक्काचा भाऊ म्हणून तिथे बसलो नव्हतो. माझ्या हातात जे होतं तेवढंच मी सांगू शकत होतो.

“सात ते अकराच्या मध्ये कुठेतरी,” मी म्हणालो.

“आनि माजा नऊ.”

“हो.”

“म्हंजी माज्यापेक्षा खाली बी आसंल आनि वर बी आसंल.”

“हो.”

मामा थोडं हसले. त्यात टोमणा नव्हता. “हे तर मला बांदावरनं बी दिसत हुतं की, पावणं.”

धाकटा मोठ्यानं हसला. अक्का मातीकडे बघत होती.

मी म्हणालो, “आणखी तीन आठवडे द्या, मामा. उसाशेजारी एक मेख ठोकतो. मेखेला खिळा मारतो. पट्टी जमिनीवर न टेकवता त्या खिळ्यावर टेकवायची. मग वर कितीही माती लावा, शून्य हलणार नाही. तुमच्याही उसाला तशीच मेख. तीन आठवड्यांत पक्का आकडा येईल.”

मामांनी विहिरीकडे बघितलं. नुसतं बघितलं आणि मला कळलं. विहिरीचं पाणी उतरलं होतं, आतल्या कपारीवर ओली रेघ बरीच वर दिसत होती. पलीकडे कांद्याची पात पिवळी पडायला लागली होती.

“तीन आठवडे कांदा थांबत न्हाय,” ते म्हणाले. “ऊस थांबतो, तो मुकाट उभा ऱ्हातो. कांदा न्हाय थांबत.” मग ते अक्काकडे वळले. आवाज खाली आणून, जसं एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाले, “मी आकडा मानीन म्हनलो हुतो. पाच आला तो चुकीचा हुता, तो मी मानत न्हाय. पन दुसरा आलाच न्हाय. मग काय करू, तू सांग. निकाल लागला न्हाय तर जुनंच चालू ठेवावं लागतंय.”

मी काहीतरी बोलावं म्हणून अक्कानं माझ्याकडे बघितलं, तेही जेमतेम. मामा म्हणत होते त्यात मला कुठेही खोट काढता येत नव्हती. त्यांनी आकड्याला विरोध केला नव्हता. आकडा नव्हता, एवढंच.

धाकट्यानं पाइप गुंडाळायला घेतली. ओल्या मातीतून पाइप निघताना भरीची कड ढासळत होती. अक्का त्याच्या मागून जात पायानं माती परत खोडाशी सारत होती. मीही दुसऱ्या सरीत तेच करायला लागलो. चाक भरल्यावर मामांनी ते स्वतः उचलून एका टोकाला धरलं आणि दोघं बापलेक विहिरीच्या पलीकडे गेले.

आम्ही दोघंच राहिलो. उकरलेला ऊस तसाच उघडा होता. अक्कानं माती परत लावली आणि थापली.

“ती मेक कशी ठोकायची म्हनलास?” तिनं विचारलं.

“आता कशाला, अक्का?”

“सांग तर खरं.”

मी कुंपणाचा एक बांबू तोडून आणला, उसाशेजारी दगडानं आत ठोकला. घरून आणलेला खिळा मातीच्या थोडा वर मारला. अक्कानं पट्टी खिळ्यावर उभी करून बघितली. मग लाल दोरा सोडून तिनं तो उसाला बांधला, अगदी खिळ्याच्या पातळीला, आणि मला म्हणाली, “आता ह्यो हलवनार न्हाय.”

संध्याकाळच्या गाडीला मामा पुन्हा फाट्यापर्यंत आले. मामींनी मला डबा दिला होता. गाडीत तो उघडला तर अक्काच्या हातच्या भाकरी होत्या, शेंगाची चटणी होती. मला खाताना लाज वाटत होती, कशाची ते सांगता येत नाही. मी काही चुकवलं नव्हतं, अक्कानं काही चुकवलं नव्हतं, मामांनी तर नाहीच.

आमच्या कागदावर आता एक ओळ वाढवली आहे. मॅडमनी मलाच लिहायला सांगितली. ऊस, आलं, बटाटा अशा भर लावायच्या पिकांना पट्टी जमिनीवर टेकवू नका, मेखेच्या खिळ्यावर टेकवा; खोडाला खूण बांधली तर ती शेवटपर्यंत हलवू नका. बरेच शेतकरी आता तसे फोटो पाठवतात. सहकारी प्रत्येक फोटोत आधी माती बघते, मग ऊस.

अक्काचेही फोटो येतात. न सांगता, दर रविवारी. पाटीवर भाचीच्या अक्षरात तारीख, कारण आता पाटी तीच लिहिते. पट्टी खिळ्यावर. लाल दोरा जिथल्या तिथे, दर वेळेला शून्यावर. इतके चांगले फोटो माझ्याकडे दुसरे कुणाचेच नाहीत. नात्यातलं माप आपण घ्यायचं नाही म्हणून ते सहकारीच मोजते आणि मला नुसता आकडा सांगते.

परवाचा आकडा आठ होता. मी अक्काला कळवला. या वेळी तो अगदी बरोबर होता, मिलिमीटरचीही शंका नव्हती.

थोड्या वेळानं तिचा आवाज आला, फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे पाटाचं पाणी वाहताना ऐकू येत होतं.

“आठ म्हंजी चांगलं हाय का रं?”

मी लिहायला घेतलं. आता दोन्ही अर्ध्यांना पाटाचंच पाणी आहे. ठिबकवर तो किती वाढला असता, हे आठ सांगत नाही. ते सांगणारा ऊस आता शेतात नाही. मी ‘चांगलं आहे’ असं लिहिलं, मग पुसलं. मग पुन्हा तेच लिहिलं, कारण तिनं विचारलं होतं आणि आठ हा वाईट आकडा नव्हता.